स्टोअर उघडलं की रोज त्याच दहा गेम्स दिसतात? मग चांगली छोटी गेम शोधायची कुठे?

दिवाळीत दर्यापूरला मामाकडे गेलो होतो. फराळ झाल्यावर अकरावीतला मामेभाऊ मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. प्ले स्टोअर उघडून बोटानं स्क्रीन खाली-वर करत म्हणाला, "दादा, हे पाय ना. रोज तेच्या तेच गेम दाखवते हे. दुसऱ्या काई नाईच का जगात?"

त्याचा फोन 4 जीबी रॅमचा आणि डेटा रोजच्या रिचार्जपुरता. गेमवर खर्च करायला महिन्याला फार तर शंभर-दोनशे रुपये. त्याला हवी होती इंटरनेट नसतानाही चालणारी, दर दोन मिनिटांनी जाहिरात न दाखवणारी आणि थोडं डोकं लावावं लागेल अशी गेम. मागणी साधीच होती, पण अर्धा तास स्क्रोल करूनही त्याला तसं काही सापडेना.

अशा गेम्स आहेत, आणि ढिगानं आहेत. कंप्युटरवर गेम्स विकणाऱ्या स्टीम या सगळ्यात मोठ्या दुकानात एकट्या 2024 या वर्षात 18 हजारांहून जास्त नव्या गेम्स आल्या, म्हणजे दिवसाला पन्नासच्या आसपास. मोबाईलच्या दुकानांत तर मोजदादच नको. एक, दोन किंवा पाच-दहा जणांनी मिळून, मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय बनवलेल्या गेम्सना इंडी गेम्स म्हणतात. त्यातल्या चांगल्या गेम्स पहिल्या पानावर का येत नाहीत आणि आपण त्यांच्यापर्यंत कसं पोहोचायचं, हे आज समजून घेऊ.

हा विषय आत्ताच का?

2025 मध्ये दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या गेम्स आणि त्यांच्या जाहिराती यांवर त्यानं बंदी आणली. ई-स्पोर्ट्स आणि साध्या करमणुकीच्या गेम्सना मात्र प्रोत्साहन द्यायचं, असं त्याच कायद्यात म्हटलंय. पुढे सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी 3,268 कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं.

म्हणजे गेम बनवायला आता सरकारही हात द्यायला तयार आहे. उद्या दर्यापूर किंवा अकोटचा एखादा पोरगा घरच्या कंप्युटरवर गेम बनवेलही. पण ती गेम दुकानात लागली आणि कुणाला दिसलीच नाही तर? अनुदानातून गेम तयार होईल, पण गिऱ्हाईकाच्या नजरेस पडण्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही. म्हणून दुकानाचं पहिलं पान कसं ठरतं हे बघायला हवं.

मोबाईलचं दुकान: इथे जागा विकत मिळते

प्ले स्टोअरवर "पझल गेम" असं शोधलं की वरच्या काही निकालांवर बारीक अक्षरात Sponsored लिहिलेलं असतं. त्या जागेसाठी कंपनीनं पैसे मोजलेले असतात. ॲपलच्या ॲप स्टोअरवरही हीच पद्धत आहे.

मोठ्या कंपनीकडे पैसा जास्त म्हणून ती जाहिरात करते, एवढंच हे गणित नाही. एका उदाहरणातून बघू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. समजा, जाहिरातीतून एक माणूस तुमची गेम डाउनलोड करतो तेव्हा तुमचे 20 रुपये खर्च होतात. तुमची गेम फुकट आहे, पण आत दर दोन मिनिटांनी जाहिरात आहे आणि नाणी विकत घेण्याची सोय आहे. काही लोक दोन दिवसांत गेम काढून टाकतात, काही महिनोन् महिने खेळतात आणि त्यातले थोडे भरपूर खर्च करतात. सरासरी काढली तर एका माणसामागे 25 रुपये मिळतात. म्हणजे दर डाउनलोडमागे 5 रुपये नफा. मग हजार काय आणि लाख काय, जाहिरात करतच राहायची.

आता दुसरी गेम घ्या. तिची किंमत 100 रुपये आणि आत जाहिरात नाही की नाणी नाहीत. पैसे भरून घ्यायच्या गेमचं पान शंभर जणांनी बघितलं तर विकत घेणारे एक-दोनच निघतात. शंभर जणांना पानापर्यंत आणायला हजार रुपये लागले आणि हातात आले दोनशे, तर जितकी जाहिरात जास्त तितका तोटा जास्त.

त्यामुळे पैसे देऊन मिळणाऱ्या जागेवर बहुतेकदा तीच गेम परवडते जी तुमच्याकडून सतत काहीतरी वसूल करते. भावाला नको असलेलं जे जे होतं, त्यातूनच पहिल्या पानाचं भाडं निघत होतं. गेम चांगली की वाईट हा प्रश्न त्या जागेवर विचारलाच जात नाही.

कंप्युटरचं दुकान: जागा विकत मिळत नाही, तरीही…

स्टीमचं वेगळं आहे. ते चालवणारी व्हॉल्व्ह ही कंपनी पहिल्या पानावरची जागा जाहिरातीसाठी विकत नाही. इथे गेम लावण्याचा खर्चही फार नाही. 2017 पासून कुणीही 100 डॉलर भरून आपली गेम विकायला ठेवू शकतो आणि गेमची विक्री हजार डॉलरच्या वर गेली की ते शंभर डॉलर परत मिळतात.

मग इथेही त्याच त्या गेम्स का दिसतात? कारण पानावरचे कप्पे कशानं भरतात ते पाहा. Top Sellers ही यादी किती प्रती खपल्या यावर नाही, तर किती पैसा आला यावर लागते. त्यामुळे चार हजारांची एक गेम विकली गेली की ती दोनशेच्या वीस गेम्सइतकी भरते. Popular Upcoming मध्ये जाण्यासाठी गेम येण्याआधीच हजारो लोकांनी ती विशलिस्टमध्ये टाकलेली असावी लागते. आणि New & Trending मध्ये टिकायचं तर पहिल्या काही दिवसांतच विक्री व्हावी लागते.

हे हजारो लोक येतात कुठून? यूट्यूबवरून, ट्रेलरमधून, नावाजलेल्या स्ट्रीमरच्या व्हिडिओतून. म्हणजे खर्च स्टीमच्या बाहेर होतो आणि त्याचं फळ स्टीमच्या पहिल्या पानावर दिसतं. ज्याच्याकडे बाहेर आवाज करायची सोय नाही, त्याची गेम येते आणि दोन-चार दिवसांत नव्या गेम्सच्या ढिगाखाली जाते.

एक खरी गोष्ट: महिनाभर कुणाला न दिसलेली गेम

व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. लूका गॅलांते या माणसानं ती एकट्यानं बनवायला घेतली. कल्पना मॅजिक सर्व्हायव्हल या कोरियन मोबाईल गेमवरून सुचली होती. 2021 मध्ये त्यानं ती आधी इच डॉट आयओ या छोट्या दुकानात ठेवली आणि डिसेंबर 2021 मध्ये स्टीमवर सुमारे 3 डॉलरला आणली. चित्रं जुन्या व्हिडिओ गेमसारखी आणि ट्रेलरमध्ये भपका शून्य. सुरुवातीला तिच्याकडे फारसं कुणी बघितलंही नाही.

जानेवारी 2022 मध्ये छोट्या गेम्स शोधून दाखवणाऱ्या काही यूट्यूबरनी ती खेळून दाखवली. फेब्रुवारीपर्यंत एकाच वेळी पन्नास हजारांहून जास्त लोक ती खेळत होते. 2023 मध्ये तिला बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला. शेकडो लोकांनी कोट्यवधी डॉलर खर्चून बनवलेल्या गेम्स त्या वर्षी तिच्या स्पर्धेत होत्या.

डिसेंबरमधली गेम आणि फेब्रुवारीतली गेम जवळपास तीच होती. फरक पडला तो कुणीतरी आत जाऊन शोधल्यामुळे. दुकानाच्या पहिल्या पानानं तिला वर आणलं ते नंतर, विक्री सुरू झाल्यावर. हेच काम आपणही करू शकतो. त्यासाठी चार वाटा सांगतो.

वाट पहिली: बारीक शोधा

स्टीमवर "इंडी" हा टॅग टाकून शोधण्यात अर्थ नाही. तो इतक्या गेम्सना लावलेला आहे की चाळणीतून काहीच गळत नाही. त्याऐवजी तुम्हाला नेमकं काय आवडतं ते दोन-तीन टॅगमध्ये सांगा. स्वयंपाकाची गोष्ट, एकट्यानं खेळायची, शांत. किंवा पत्त्यांवर आधारित, पाळीपाळीनं खेळायची. स्टीमच्या शोधपानावर उजवीकडे टॅगची यादी असते आणि तिथेच किंमत किती रुपयांपर्यंत हवी ते सरकपट्टीनं ठरवता येतं.

स्टीमचंच आणखी एक पान आहे, पण ते पहिल्या पानावर सहज नजरेस पडत नाही. पत्ता असा:

```
store.steampowered.com/recommender
```

लॉग-इन करून हे उघडलं की तुम्ही आजवर कोणत्या गेम्स किती तास खेळल्या यावरून यादी तयार होते. वर एक सरकपट्टी दिसते. तिचं एक टोक लोकप्रिय गेम्सचं आणि दुसरं टोक कमी लोकांना माहीत असलेल्या गेम्सचं. ती दुसऱ्या टोकाकडे सरकवली की यादी पूर्ण बदलते. दुसऱ्या पट्टीनं किती जुन्या गेम्स हव्यात तेही ठरवता येतं. मर्यादा एवढीच की तुमच्या खात्यावर दोनच गेम्स असतील तर अंदाज बांधायला त्याच्याकडे काही नसतं. आठ-दहा गेम्स खेळून झालेल्यांना त्याचा खरा उपयोग होतो.

नवीन खातं असेल तर `steampeek.hu` ही साइट बघा. आवडलेल्या एका गेमचं नाव टाकलं की तिच्यासारख्या, पण छोट्या गेम्सकडे झुकणारी यादी ती देते. `steam250.com` वरही Hidden Gems नावाची वेगळी यादी आहे. रिव्ह्यू थोडे, पण जवळपास सगळे चांगले, अशा गेम्स तिथे मिळतात.

वाट दुसरी: रिव्ह्यूचं लेबल नाही, आकडा वाचा

बरेच जण इथेच फसतात. स्टीमवर गेमच्या नावाखाली Positive, Very Positive, Overwhelmingly Positive अशी लेबलं दिसतात. वाचताना वाटतं की ही गुणवत्तेची पायरी आहे. प्रत्यक्षात त्यात रिव्ह्यूंची संख्याही मिसळलेली असते.

दहा रिव्ह्यू होईपर्यंत लेबलच लागत नाही. Very Positive मिळवायला 80 टक्के चांगले रिव्ह्यू तर हवेतच, पण एकूण किमान 50 रिव्ह्यूही हवेत. Overwhelmingly Positive साठी 95 टक्के आणि किमान 500. आता समजा एका गेमला 42 रिव्ह्यू आहेत आणि 42 च्या 42 चांगले आहेत. तिला लेबल मिळतं नुसतं Positive. तिच्या शेजारी 5,000 रिव्ह्यूंची आणि 81 टक्के पसंतीची गेम असेल तर ती मात्र Very Positive. लेबल बघून निवडणारा दुसरीवर क्लिक करतो. खरं तर दुसरी गेम खेळलेल्या पाचांपैकी एकाला ती आवडलेली नाही.

म्हणून लेबलवर बोट किंवा माउस ठेवा आणि टक्केवारी व संख्या दोन्ही बघा. मी साधारण 30 ते 500 रिव्ह्यू आणि 90 टक्क्यांच्या वर पसंती अशी चाळणी लावतो. तीसच्या खाली असतील तर ते मित्रमंडळींचे असू शकतात. विकत न घेता, भेट मिळालेल्या कोडनं गेम मिळवणाऱ्यांचे रिव्ह्यू स्टीम 2016 पासून टक्केवारीत धरत नाही. पण मित्र विकतही घेऊ शकतात.

मग नकारात्मक रिव्ह्यू आधी वाचा. प्रत्येक रिव्ह्यूवर त्या माणसानं किती तास खेळलं ते लिहिलेलं असतं. दहा तास खेळून "शेवट गुंडाळलाय" म्हणणाऱ्याचं मत वजनदार. "फार संथ आहे" अशी तक्रार असेल आणि तुम्हाला संथच हवी असेल, तर ती तुमच्यासाठी शिफारसच झाली. पण तीन-चार जण वेगवेगळ्या महिन्यांत "सेव्ह केलेलं उडतं" किंवा "अमुक टप्प्यावर बंद पडते" असं म्हणत असतील आणि बनवणाऱ्यानं खाली उत्तरही दिलं नसेल, तर ती गेम सोडून द्या.

एक धोक्याची खूणही लक्षात ठेवा. ज्याची गेम आहे त्याच्या नावावर क्लिक करा. एकाच नावावर वर्षभरात वीस-पंचवीस गेम्स असतील आणि सगळ्यांची चित्रं एकमेकांत बसत नसतील, तर ती तयार सामान विकत आणून जोडलेली पाट्याटाकू गेम असण्याची शक्यता मोठी. ट्रेलरमध्ये प्रत्यक्ष खेळ एकदाही दिसत नसेल, तर तेही तसंच.

वाट तिसरी: गेममागे नको, माणसामागे जा

मला स्वतःला सगळ्यात जास्त फळलेली वाट हीच. सुरुवात पुण्यापासून करू. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओनं राजी: ॲन एन्शंट एपिक ही गेम बनवली. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती, पण ठरवलेली रक्कम जमली नाही आणि मोहीम फसली. तरी त्यांनी काम सोडलं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये निन्टेन्डोनं छोट्या गेम्ससाठीच्या आपल्या कार्यक्रमात राजी दाखवली आणि ती त्याच दिवशी स्विचवर आली. ऑक्टोबरमध्ये ती कंप्युटर आणि इतर कन्सोलवर पोहोचली. त्या वर्षीच्या द गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट इंडी गेमसाठी तिला नामांकन मिळालं.

राजी आज बऱ्यापैकी माहीत आहे. पण ती ज्या कार्यक्रमातून पुढे आली तशा कार्यक्रमांची यादी धरली, तर कमी माहीत असलेली नावं मिळत जातात. सोनीनं प्लेस्टेशनसाठी भारतीय गेम बनवणाऱ्यांना मदत करणारा इंडिया हीरो प्रोजेक्ट सुरू केला. त्यात निवडल्या गेलेल्या गेम्सची यादी उघडी आहे. अशाच भारतीय याद्या चाळत मी गोव्यापर्यंत पोहोचलो.

गोव्यात फ्रॉस्टवूड इंटरॅक्टिव्ह या नावानं अरमान संधू गेम्स बनवतात. 2019 मध्ये त्यांची रेन्स्वेप्ट ही खुनाच्या तपासाची गेम आली आणि 2021 मध्ये फरगॉटन फील्ड्स. या दुसऱ्या गेममध्ये एका अडकलेल्या लेखकाची गोष्ट आहे. जुनं घर विकलं जाणार असतं आणि तो शेवटचं तिथे जातो. मारामारी नाही, पळापळ नाही. हवा, रस्ते, घरं सगळं गोव्यासारखं. गोष्टी वाचायला आवडणाऱ्याला ती आवडण्याची शक्यता खूप. पण स्टीमच्या पहिल्या पानावर मला ती कधीच दिसली नाही. तिच्यापर्यंत पोहोचायला बनवणाऱ्याचं नाव लागलं.

एकदा असं नाव सापडलं की स्टीमवर त्या डेव्हलपरच्या पानावरचं Follow बटण दाबा. पुढची गेम आली की तुम्हाला कळेल. ते कोणत्या गेम्सचं कौतुक करतात तेही बघा. छोट्या गेम्स बनवणारे एकमेकांच्या गेम्स खेळतात आणि त्यांची शिफारस बहुतेकदा यादीपेक्षा भरवशाची निघते.

फुकटात चाखून बघायचं असेल तर वर्षातून तीनदा, साधारण फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, स्टीमवर नेक्स्ट फेस्ट भरतो. आठवडाभर येऊ घातलेल्या गेम्सचे डेमो मोफत खेळता येतात. तिथेही गेम्स हजारोंच्या घरात असतात आणि वर पुन्हा गाजणाऱ्याच दिसतात. म्हणून टॅग लावूनच आत शिरा.

वाट चौथी: फक्त मोबाईल असेल तर

दर्यापूरसारख्या ठिकाणी बहुतेकांकडे गेमसाठी फोनच असतो. भावासोबत आम्ही केलं ते असं.

प्ले स्टोअरच्या शोधात Sponsored लिहिलेले निकाल सोडून दिले. उरलेल्यांमध्ये गेमच्या नावाखालची बारीक ओळ वाचली. तिथे Contains ads आणि In-app purchases असं लिहिलेलं असतं. पहिलं नसेल आणि दुसरं असेल, तर आत काय विकतात ते बघायचं. काही प्रामाणिक गेम्स फक्त "बनवणाऱ्याला मदत करा" एवढीच खरेदी ठेवतात. ऑफलाइन चालणारी गेम संपर्क किंवा मायक्रोफोनची परवानगी मागत असेल तर ती लगेच बाद.

नंतर एफ-ड्रॉइड या दुकानात गेलो. इथे फक्त खुल्या सोर्सकोडची मोफत ॲप्स आणि गेम्स असतात. जाहिरातीसाठी जागा विकायचा प्रश्नच नाही, आणि एखाद्या ॲपमध्ये माग काढण्यासारखं काही नको असलेलं असेल तर ते पानावर स्पष्ट लिहितात. हे दुकान प्ले स्टोअरवर मिळत नाही, ते `f-droid.org` वरूनच उतरवायचं. उतरवताना फोन "अनोळखी ठिकाणाहून इन्स्टॉल करू का" असं विचारतो. ब्राउझरला दिलेली ती परवानगी काम झाल्यावर बंद करायला विसरू नका. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल मात्र कधीच इन्स्टॉल करायची नाही.

तिथे त्याला शॅटर्ड पिक्सेल डंजन ही गेम मिळाली. मूळ पिक्सेल डंजन 2012 मध्ये आली होती. तिच्या बनवणाऱ्यानं पुढे सोर्सकोड खुला केला आणि त्यावरून एव्हन डेबनम यांनी 2014 पासून ही नवी गेम वाढवत नेली. पाळीपाळीनं खेळायची, भुयारात उतरायचं, मेलं की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी भुयार नवं. इंटरनेट लागत नाही, जाहिरात नाही, साध्या फोनवर चालते. गंमत म्हणजे ही गेम प्ले स्टोअरवरही आहे, अगदी मोफत. भाऊ महिनाभर जिथे शोधत होता तिथेच ती पडून होती, फक्त त्याच्या बोटाखाली आली नाही.

महिन्याला थोडा खर्च करायची तयारी असेल तर प्ले पास हाही पर्याय आहे. 2022 मध्ये भारतात आला तेव्हा त्याचं शुल्क महिन्याला 99 रुपये होतं. त्यातल्या गेम्समधल्या जाहिराती आणि खरेद्या निघून जातात. अशा यादीत वसुलीवर चालणाऱ्या गेम्सचा फायदा संपतो आणि पैसे भरून घ्यायच्या छोट्या गेम्सना जागा मिळते.

पैसे वाया गेले तर?

अनोळखी गेम घेताना हीच भीती असते. स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. कारण कुणी फारसं विचारत नाही. प्ले स्टोअरवर पहिल्या 48 तासांत परताव्याची विनंती करता येते. मी स्वतः एकदा एक गेम तीन दिवसांनी परत करायला गेलो आणि पैसे गेले, कारण "उद्या खेळू" म्हणत ती उघडलीच नव्हती. तेव्हापासून गेम घेतली की त्याच दिवशी तासभर खेळून बघतो.

त्याआधी System Requirements आणि गेमचा आकार नक्की बघा. घरच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्रात साधी दिसणारी गेमही रडू शकते, आणि रोजच्या दीड जीबीत दहा जीबीची गेम उतरवायला आठवडा जातो.

आणि बनवणाऱ्याचं काय?

गेम बनवणाऱ्यांमध्ये एक ढोबळ ठोकताळा चालतो. स्टीमवरच्या एका रिव्ह्यूमागे अंदाजे 30 ते 50 प्रती विकलेल्या असतात. तो प्रत्येक गेमला लागू पडत नाही, पण अंदाज येतो. आपली ती 42 रिव्ह्यूंची गेम घ्या. म्हणजे साधारण 1,300 ते 2,100 प्रती. किंमत 250 रुपये धरली तर विक्री सव्वातीन ते सव्वापाच लाखांची. त्यातले 30 टक्के स्टीमचे. उरलेल्यातून सवलती, परतावे आणि कर वजा करा. दोन वर्षं खपून बनवलेल्या गेमचे हातात येणारे पैसे एवढेच.

आणि जिला सहाच रिव्ह्यू आहेत तिला तर अजून लेबलही लागलेलं नाही. अशी गेम तुम्हाला आवडली तर दोन ओळींचा रिव्ह्यू लिहा. लाख रिव्ह्यूंच्या गेमला तुमच्या दोन ओळींनी काही होत नाही. सहाच्या गेमला मात्र लेबल मिळायला फक्त चार जण कमी असतात, आणि त्यातले एक तुम्ही असता.

मात्र एक खरं सांगायला हवं. पहिल्या पानाच्या मागे दडलेल्या सगळ्याच गेम्स हिरे नसतात. बहुतेक साध्या असतात आणि बऱ्याच टाकाऊही. मी महिन्यातून एकदा तासभर असा शोध घेतो, दहा-बारा पानं उघडतो, दोन-तीन विशलिस्टमध्ये टाकतो आणि त्यातली एखादी विकत घेतो. सणासुदीच्या सेलची वाट बघितली तर तीच निम्म्या किमतीत मिळते.

परवा भावाचा मेसेज आला. भुयाराच्या दहाव्या मजल्यावर पोहोचलाय म्हणे. खाली आणखी एक ओळ होती: "दादा, हे गेम कोडसकट फुकट भेटते ना? मंग त्याच्यात आपल्या इकडचं एखादं भूत टाकता येईल का?"

येईल. त्यासाठी त्याला जावा शिकावं लागेल, कारण ती गेम त्याच भाषेत लिहिली आहे. आणि बदललेली गेम इतरांना दिली तर तिचा कोडही खुला ठेवावा लागेल, कारण मूळ परवान्याची अट तीच आहे. त्याला तसं कळवलंय.